गायब झालेल्या २३३ धावा

सचिन तेंडुलकरच्या कसोटी कारकिर्दीत १५,९२१ धावा आहेत. डाव ३२९, त्यांतले ३३ नाबाद. म्हणजे तो बाद झाला २९६ वेळा, आणि क्रिकेटमधली सरासरी याच आकड्याने भागून काढतात. कागदावर भागाकार केला तर उत्तर येतं ५३.७८७ आणि पुढे काहीबाही. आता हेच गणित सी भाषा नुकतीच शिकू लागलेली एखादी विद्यार्थिनी संगणकाला घालते. सरासरी म्हटली की दशांश आलेच, हे तिला ठाऊक आहे, म्हणून उत्तरासाठी तिने दशांश मावणारा `double` प्रकार निवडला आहे.

```
int runs = 15921, outs = 296;
double avg = runs / outs;
printf("%.2f\n", avg);
```

पडद्यावर उमटतं `53.00`.

कुठलीही चूक दाखवली जात नाही, कार्यक्रम अडखळत नाही. उत्तर तर इतकं ऐटीत आलं आहे की दशांशानंतरची दोन शून्यं पाहून कुणालाही वाटावं, हिशेब पैशापर्यंत चोख झालेला दिसतो.

घोळ दुसऱ्या ओळीत आहे. `runs` आणि `outs` हे दोन्ही पूर्णांक. सी भाषेचा नियम असा की पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच. दशांशापुढचं सगळं छाटून टाकायचं. जवळच्या पूर्णांकाकडे न्यायचंसुद्धा नाही, नाहीतर इथे ५४ आले असते. डाव्या बाजूला `double` लिहिलं आहे खरं, पण भागाकार आधी उरकतो आणि साठवणं नंतर होतं. भांडं मोठं घेतलं म्हणून सांडून गेलेलं दूध परत येत नाही. तयार झालेला ५३ हा आकडा त्या मोठ्या भांड्यात पडतो आणि ५३.०० म्हणून मिरवतो.

खरं तर हा भागाकार आपण सगळेच एकेकाळी करत होतो. दशांश अपूर्णांक शिकण्याआधी शाळेत उत्तर लिहायचो ते ‘भागाकार ५३, बाकी २३३’ असं. संगणक नेमकं तेच करतो, फक्त बाकी मागितल्याशिवाय देत नाही. ती हवी असेल तर `runs % outs` असं वेगळं विचारावं लागतं. ५३ ला २९६ ने गुणून पाहा: १५,६८८. सचिनच्या खात्यातल्या २३३ धावा त्या दुसऱ्या ओळीत गेल्या.

मग सरासरी चुकली की दर वेळी खापर या छाटणीवरच फोडायचं का? तसं नाही, आणि ते ओळखता येतं. धन संख्यांची आधी बेरीज आणि मग एकदाच भागाकार असेल, तर छाटणीने उत्तर नेहमी कमीच येतं, आणि ते पूर्ण १ ने कधीच कमी पडत नाही. ५३.७८ च्या जागी ५३ आले तर संशय रास्त आहे. ४८ आले तर मात्र गुन्हेगार दुसराच: कुणीतरी २९६ ऐवजी ३२९ डावांनी भागलं आहे, आणि मग छाटणी त्यावर. उत्तर जास्त आलं तर बेरजेची सुरुवात शून्यापासून झाली का, हे आधी बघावं. आणि सगळ्या संख्या धन असताना सरासरी ऋण निघाली, तर बेरीज `int` मध्ये मावलेली नसते. आजच्या बहुतेक यंत्रांवर हा प्रकार २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच्याच संख्या धरतो. शंभर कोटीच्या तीन रकमांची बेरीज जावा भाषेत अशा `int` मध्ये केली, तर सरासरी उणे त्रेचाळीस कोटींच्या घरात निघते. तिथे भागाकार निर्दोष असतो.

सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे १ आणि २ यांची सरासरी काढायला सांगणं. दीड आलं तर भागाकार ठीक, १ आलं तर छाटणी. पण चाचणीला ४ आणि ६ घेणारे महाभाग बरेच असतात. बाकी शून्य असली की छाटायला काही उरतच नाही, उत्तर बरोबर ५ येतं, आणि सदोष कार्यक्रम ऐटीत पास होतो.

दोष सापडल्यावर घाईत केलेली दुरुस्ती बहुधा `(double)(runs / outs)` अशी असते. ती निरुपयोगी आहे. कंसामुळे भागाकार आधी होतो आणि रूपांतर होतं ते छाटलेल्या ५३ चं. रूपांतर भागाकाराच्या आधी, निदान एका संख्येचं तरी व्हायला हवं:

```
double avg = (double)runs / outs;
```

एक संख्या दशांशाची झाली की दुसरीही तिच्या पंगतीला बसते.

‘एकपेक्षा कमी’ हा हिशेब मात्र भागाकार एकदाच होत असेल तोवरचा. पाच विषयांचे गुण ७२, ६५, ८१, ५८, ७० आहेत असं धरू. बेरीज ३४६, सरासरी ६९.२. आधी बेरीज केली तर छाटून ६९ येतात, म्हणजे नुकसान किरकोळ. पण एखाद्याने प्रत्येक विषयाचे गुण आधी ५ ने भागले, तर १४, १३, १६, ११ आणि १४ मिळून ६८ भरतात. प्रत्येक भागाकाराने आपापला तुकडा कापून घेतलेला असतो. टक्केवारीत तर कहर होतो. ६०० पैकी ४५६ गुण मिळवणाऱ्या मुलीसाठी `456 / 600 * 100` लिहिलं की पहिला भागाकार शून्य, आणि शून्याला शंभराने गुणून शून्य टक्के. क्रम बदलून `456 * 100 / 600` लिहिलं तर ७६.

भाषांचे स्वभावही वेगवेगळे. पायथनमध्ये पूर्वी हाच नियम होता. नवशिक्यांची त्यात फार फसगत होते, हे ओळखून २००१ मध्ये छाटणाऱ्या भागाकाराला `//` असं वेगळं चिन्ह मिळालं, आणि २००८ च्या पायथन ३ पासून साधा `/` दशांशासह उत्तर देऊ लागला. तरी ऋण संख्यांशी सांभाळूनच वागावं. दोन रात्रींचं तापमान उणे ३ आणि उणे ४ असेल, तर बेरीज उणे ७. तिला २ ने भागताना आजची सी भाषा शून्याच्या दिशेने छाटून उणे ३ देते, तर पायथनचं `//` खालच्या बाजूला जाऊन उणे ४. खरी सरासरी, उणे साडेतीन, दोघांच्या मधोमध राहते. विदागारांतही असेच फरक आहेत: मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये `int` स्तंभावर `AVG` चालवलं तर उत्तर पूर्णांकच येतं, ४, ५, ५, ४ अशा मानांकनांची सरासरी तिथे ४ होते. पोस्टग्रेसमध्ये तोच प्रश्न विचारला तर साडेचार मिळतात.

आता आपल्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. दुरुस्तीनंतर तिला दिसतं `53.79`. ती खूश होऊन विक्रमांच्या तक्त्यात पडताळून पाहते, तर तिथे सचिनची सरासरी ५३.७८! या वेळी तिचा कार्यक्रम चुकलेला नाही. `printf` ने ५३.७८७ ला जवळच्या शंभरांशाकडे नेलं, आणि तक्ता करणाऱ्यांनी दोन घरांपुढचं छाटलं. तक्त्याशी जुळवायचं तर तिला ती बदनाम छाटणीच मुद्दाम बोलवावी लागेल:

```
int x = runs * 100 / outs;
printf("%d.%02d\n", x / 100, x % 100);
```

`x` मध्ये ५३७८ येतात, आणि पडद्यावर `53.78`.