पुरणात कैरीचं पाणी

मावशीचं पाककृतींचं जुनं पुस्तक आता दुकानात मिळत नाही. म्हणून मी ते टेबलावर उघडं ठेवलं, फोनने एकेका जोडपानाचा फोटो काढला आणि ओसीआर करून मजकूर घेतला. एका ठिकाणी असं वाचायला मिळालं: ‘कैरीच्या फोडी मीठ लावून रात्रभर डाळ मऊ शिजली की तिच्यात गूळ ठेवाव्या. सकाळी सुटलेले पाणी घालून पुरण आटवावे.’

शब्द एकही चुकलेला नव्हता. डावीकडच्या पानावर लोणचं होतं, उजवीकडे पुरणपोळी, आणि यंत्राने दोन्ही पानांची पहिली ओळ एकत्र वाचून मग दुसरी घेतली होती. अशी चूक शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नजरेतून सहज सुटते. दुसरं वाक्य तर व्याकरणातही बसतं.

वर्तमानपत्राचे रकाने ओसीआरला वेगळे कळतात, कारण दोन रकान्यांमध्ये सरळ, पांढरी पट्टी असते आणि मजकुराच्या कडा उभ्या रेषेत असतात. उघड्या पुस्तकात शिवणीजवळ पान आत वळतं. तिथली अक्षरं फोटोत दाटीवाटीने उभी राहतात, त्यावर सावली पडते आणि पांढरी पट्टी नाहीशी होते. मग डावी ओळ थेट उजवीत शिरते.

त्यात भर ओळींच्या वाकण्याची. फोटो नीट पाहिला तर एक गंमत दिसते. पानाच्या मधल्या ओळी जवळपास सरळ असतात, वरच्या ओळी शिवणीकडे जाताना खाली झुकतात आणि खालच्या ओळी वर चढतात. देवनागरीत शिरोरेषेमुळे हे झटकन डोळ्यांत भरतं. शिवणीचा भाग कॅमेऱ्यापासून जास्त लांब असल्यामुळे तो लहान दिसतो आणि लहान होताना फोटोच्या मध्याकडे सरकतो.

माझं पुस्तक डेमी आकाराचं, ओळींमधलं अंतर सहा-सात मिलीमीटर. शिवण पानाच्या उंचवट्यापेक्षा साधारण 2 सेंटीमीटर खोल. फोन 30 सेंटीमीटरवर धरला, तर पानाच्या मध्यापासून 9 सेंटीमीटर वर असलेली ओळ शिवणीपाशी साडेपाच मिलीमीटरने खाली येते. म्हणजे जवळजवळ एक ओळच! शेवटचा शब्द खालच्या ओळीच्या शेजारी जाऊन बसतो. पूर्ण फोटो थोडा फिरवून हे सुधारत नाही, कारण प्रत्येक ओळ वेगळी वाकलेली असते.

तोच फोन एक मीटरवर नेला आणि फोनमधली झूमची लेन्स वापरली, तर हीच सरकण दोन मिलीमीटरच्याही आत येते. मला तरी सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त वाटतो: मागे सरका. फोन हातात न धरता स्टँडला लावावा, एवढंच.

पुस्तकाच्या सुरुवातीला आणि शेवटी आणखी एक भानगड होते. डावीकडे दहा पानं, उजवीकडे दोनशे. उजवं पान उंच, म्हणून फोटोत मोठं, डावं लहान. मग डावीकडची दुसरी ओळ उजवीकडच्या तिसरीला भिडते आणि गोंधळाला काही नियमच राहत नाही. पातळ बाजूच्या पुठ्ठ्याखाली वही सरकवून दोन्ही पानं एका पातळीत आणावीत.

जाड पुस्तकाला मात्र जोडपानाचा मोह सोडावा. पुस्तक काटकोनापेक्षा थोडंच जास्त उघडायचं, एक पुठ्ठा उभ्या आधाराला टेकवायचा आणि समोरच्या एकाच पानावर कॅमेरा सरळ रोखायचा. अशा स्थितीत पान शिवणीपर्यंत बरंच सपाट राहतं आणि बांधणीही उसवत नाही.

जोडपानाचे फोटो आधीच काढून झाले असतील, तर ओसीआरच्या आधी ते कापावेत, नंतर नव्हे. ‘स्कॅन टेलर’ या मोफत प्रोग्रॅममध्ये `Split Pages` नावाची पायरी आहे. तो मधली रेघ स्वतः आखतो, पण सावलीमुळे कधी ती अक्षरांवरून जाते. तेव्हा हाताने सरकवावी लागते. वाकलेल्या ओळी सरळ करण्याची सोयही त्यात शेवटच्या पायरीत आहे. डावं पान सम आकड्याचं, उजवं विषम, म्हणून फायलींना पुस्तकातलेच आकडे द्यावेत: 046, 047. मग टेसरॅक्टला सांगायचं की पानावर एकच रकाना आहे:

```
tesseract 046.tif 046 -l mar --psm 4
```

माझं लोणचं आणि पुरण या आज्ञेने वेगळं झालं, तरी वरच्या दोन-तीन ओळींत शेवटचा शब्द खालच्या ओळीत घुसलेला सापडलाच. तपासताना मी पानाची मधली ओळ वाचत नाही, ती बहुधा बरोबरच असते. डाव्या पानाच्या पहिल्या आणि शेवटच्या तीन ओळींची उजवी टोकं बघतो, उजव्या पानाच्या त्याच ओळींची डावी.