सामाईक आहेराची वर्गणी आणि तिचा हिशोब

जुन्नर-आंबेगावात भाऊबंदांनी मिळून सामाईक आहेर करण्याची रीत आता यूपीआयवरही चालते. मात्र वर्गणी ‘एकत्र’ म्हटली, तरी प्रत्येकाचा भरणा हा स्वतंत्र व्यवहार असतो आणि तो एकाच व्यक्तीच्या खात्यात जमा होतो.

समजा, घोडेगावच्या लग्नात बारा चुलतभावंडांना २४,००० रुपयांचा फ्रिज द्यायचा आहे. अशा वेळी एकाला खजिनदार नेमून त्याचा क्यूआर कोड गटात पाठवला जातो आणि मुंबई-पुण्यातील भावंडे शेऱ्यात नाव लिहून प्रत्येकी २,००० रुपये पाठवतात. व्यक्ती-व्यक्तींमधील ‘कलेक्ट रिक्वेस्ट’, म्हणजे अ‍ॅपमधून पैशांची मागणी धाडण्याची सोय, १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्याने भरणा देणाऱ्यानेच सुरू करावा लागतो.

घोळ होतो तो अडकलेल्या व्यवहारात: ‘पेंडिंग’ दिसताच एखादा पुन्हा पैसे पाठवतो, दोन्ही रकमा जमा होतात आणि बेरीज २६,००० भरते. म्हणून स्क्रीनशॉटवर न विसंबता प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर, म्हणजे ओळखक्रमांक, बँकेच्या नोंदीशी ताडून मगच नावापुढे खूण करावी आणि खरेदीच्या पावतीसह पूर्ण यादी गटात ठेवावी.