जुन्या गाडीवर कर किती?

ब्रिटनमधला एक गाडीविक्रेता एका गृहस्थाकडून ६,००० पौंडांना जुनी गाडी घेतो आणि ७,२०० पौंडांना विकतो. तिथे मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, २० टक्के आहे. पूर्ण किमतीवर तो लावला, तर ७,२०० पौंडांतले १,२०० पौंड करातच जातील. विक्रेत्याची मिळकतही नेमकी तेवढीच!

शिवाय गाडी नवी असताना पहिल्या मालकाने व्हॅट भरलेलाच असतो. गृहस्थ करपावती देऊ शकत नाही, त्यामुळे विक्रेत्याला तो जुना कर वजा करून घेता येत नाही. एकाच वस्तूवर दोनदा कर बसू नये, म्हणून ‘मार्जिन योजना’ आहे. तिच्यात कर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. १,२०० पौंडांच्या या फरकात कर धरलेलाच असतो, म्हणून त्याचा सहावा हिस्सा, २०० पौंड, सरकारला जातो.

दुरुस्तीवर ३०० पौंड खर्च झाले, तरी ते फरकातून वजा होत नाहीत. गाडी तोट्यात गेली तर कर शून्य, पण तो तोटा दुसऱ्या गाडीच्या नफ्यातून वळता करता येत नाही. विक्रीच्या पावतीवर व्हॅट वेगळा दाखवायचा नसतो. प्रत्येक गाडीच्या खरेदी-विक्रीची नोंदही हवी. ती नसेल, तर कर पूर्ण किमतीवर बसू शकतो.

भारतातही जीएसटीच्या नियम ३२(५) मध्ये फरकावरच कर घेण्याची सोय आहे. तेव्हा जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांनो, खरेदीची नोंद आधी जपा.