निरोप सांगताना काळ का मागे सरकतो?

माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून एक बाई मैत्रिणीच्या फोनवर निरोप ठेवते: "एस्तोय एन आतोचा. ए पेर्दीदो एल त्रेन. येगारे मान्याना. दीले आ मी एर्मानो के नो मे एस्पेरे." म्हणजे, मी आतोचाला आहे, माझी गाडी चुकली आहे, उद्या पोहोचेन, माझ्या भावाला सांग की माझी वाट पाहू नकोस.

मैत्रीण निरोप ऐकते आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला लगेच सांगते: "दीथे के एस्ता एन आतोचा, के आ पेर्दीदो एल त्रेन, के येगारा मान्याना." दीथे म्हणजे 'म्हणते'. सांगणारे क्रियापदच वर्तमानात आहे, त्यामुळे 'मी'ची 'ती' झाली, एवढाच फरक. काळ जिथल्या तिथे राहिले.

महिन्याभराने तीच मैत्रीण हा प्रसंग कुणाला तरी सांगते तेव्हा मात्र सगळे वाक्य हलते. "मे दीखो के एस्ताबा एन आतोचा, के आबीया पेर्दीदो एल त्रेन, के येगारीया अल दीया सिग्येन्ते, ई के ले दीखेरा आ सु एर्मानो के नो ला एस्पेरारा." दीखो, 'म्हणाली', हे भूतकाळी क्रियापद आले आणि त्याच्यामागची सगळी क्रियापदे एकेक पायरी मागे गेली. 'उद्या'चेही 'दुसऱ्या दिवशी' झाले. मराठीत याची गरज पडत नाही. महिन्याने काय, वर्षाने सांगितले तरी "ती म्हणाली की मी आतोचाला आहे, गाडी चुकली आहे" हे चालते, कारण मराठी बोलणाऱ्याचे शब्द त्याच्याच काळात ठेवते. स्पॅनिश माणूस ते आपल्या आजच्या जागेवरून पाहून सांगतो.

स्पॅनिशच्या पाठ्यपुस्तकांत या बदलांचा तक्ता असतो आणि तो पाहून विद्यार्थ्याला धडकी भरते. वर्तमानाचे हे, पूर्ण वर्तमानाचे ते, भविष्याचे आणखी तिसरेच. पण निरोपातली वाक्ये नीट पाहिली तर त्यात एकच हालचाल दिसते: वर्तमानाचे रूप अपूर्ण भूतकाळात जाते. एस्ताचे एस्ताबा झाले, हे तर उघडच आहे. 'ए पेर्दीदो'मध्ये 'पेर्दीदो' हे कृदंत बदलतच नाही. बदलते ते आबेर हे सहाय्यक क्रियापद, वर्तमानातल्या 'ए'चे 'आबीया' होते. 'बोय आ येगार', मी पोहोचणार आहे, याचेही तसेच 'ईबा आ येगार' होते.

भविष्यकाळ मात्र वेगळा वाटतो. येगारेचे येगारीया कसे होते? उत्तर इतिहासात आहे. स्पॅनिशचा भविष्यकाळ लॅटिनच्या जुन्या भविष्यकाळातून आलेला नाही. मूळ क्रियापद आणि त्याला जोडलेले आबेर, अशी त्याची घडण झाली. येगार अधिक 'ए' म्हणजे येगारे. येगार अधिक 'आबीया'चा उरलेला शेवट म्हणजे येगारीया. मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये हे दोन तुकडे अजून पुरते चिकटले नव्हते, त्यांच्यामध्ये सर्वनामही बसत असे: 'दार ते ए', तुला देईन. म्हणजे इथेही मागे सरकते ते आबेरच. ही जोडणी एकदा दिसली की तक्ता पाठ करण्याची गरजच उरत नाही.

काराकासमध्ये जन्मलेल्या आणि पुढे चिलेत स्थायिक झालेल्या आन्द्रेस बेयो यांनी 1847 साली लॅटिन अमेरिकेतल्या वाचकांसाठी कास्तिलियनचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी काळांना नवी, नातेदर्शक नावे दिली. एस्ताबा हा कोप्रेतेरितो, भूतकाळातल्या एखाद्या क्षणासोबत चाललेला. येगारीया हा पोस्प्रेतेरितो, त्या क्षणानंतरचा. आबीया पेर्दीदो हा आन्तेकोप्रेतेरितो, त्याच्याही आधीचा. तो क्षण म्हणजे आपल्या उदाहरणातले 'दीखो'. बेयोंची ही नावे मेक्सिकोच्या शालेय पुस्तकांत आजही वापरली जातात, आणि ती तशी राहावीत हे रास्तच, कारण परोक्ष कथनाचा सगळा हिशेब त्या नावांतच मांडलेला आहे.

साधा भूतकाळ या हालचालीत सहज बसत नाही. हाच निरोप मेक्सिकोतून आला असता तर बाई बहुधा "पेर्दी एल त्रेन" म्हणाली असती. 'पेर्दी'मध्ये मागे सरकवायला वर्तमानाचा तुकडाच नाही. म्हणून सांगताना 'आबीया पेर्दीदो' असे पूर्ण रूप घेतात, किंवा "दीखो के पेर्दीओ एल त्रेन" म्हणून ते तसेच सोडतात. घटनांचा क्रम स्पष्ट असेल तर दोन्ही चालते.

आज्ञेची गोष्ट निराळी. ती 'दीथे'नंतरही बदलते, कारण दुसऱ्याची आज्ञा आज्ञार्थात सांगताच येत नाही. तिथे संशयार्थ येतो, आणि 'दीखो'नंतर त्याचे भूतकाळी रूप. यामुळे एकाच क्रियापदाच्या रूपावर अर्थ फिरतो. "दीखो के बेनीया" म्हणजे तो येतोय असे म्हणाला. "दीखो के बिनीएरा" म्हणजे त्याने दुसऱ्याला यायला सांगितले. घाईत ऐकणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते, आणि जेवायला पाहुणा येणार की आपण जायचे, हेच कळेनासे होते.

काळ नेहमी मागे न्यावाच लागतो असेही नाही. "मे दीखो के सु एर्माना एस्ता एन एल ओस्पिताल" हे वाक्य बरोबर आहे, मात्र त्याला अट आहे: बहीण त्या वेळी इस्पितळात होती, आणि सांगणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे आताही आहे. ती काल घरी आली हे माहीत असेल तर 'एस्ता' म्हणता येत नाही. रियाल अकादेमिया आणि तिच्या भगिनी अकादम्यांच्या 2009 च्या नव्या व्याकरणात याला दुहेरी प्रवेश म्हटले आहे. भविष्याचेही तसेच. पोहोचण्याचा दिवस अजून यायचा असेल तर 'येगारा' चालते. तो दिवस उलटून गेला की 'येगारीया'च हवे. वाटणे, समजणे अशा क्रियापदांना मात्र ही सूट सहसा मिळत नाही. माद्रिदला गेलेला मित्र अचानक समोर दिसला तर "क्रेईया के एस्ताबास एन माद्रिद" असेच म्हणतात, मला वाटले तू माद्रिदला आहेस.

मराठी माणसाला खरी अडचण येते ती ऐकताना. 'येगारीया'चे त्याच्या मनात 'येणार होती' होते, आणि मराठीत त्या शब्दांना 'पण आली नाही' अशी छटा चटकन येते. स्पॅनिश वाक्य त्याबद्दल काहीच बोलत नाही. बाई दुसऱ्या दिवशी आलीही असेल. तसेच "दीखो के एस्ताबा कान्सादा" ऐकून ती आधी कधीतरी दमली होती असे वाटते, पण ती बोलताना दमलेली होती एवढाच त्याचा अर्थ. कचेरीतला माणूस समोरच्याला नम्रपणे विचारतो, "कोमो दीखो के से यामाबा?", तुमचे नाव काय म्हणालात? नाव तर अजूनही तेच आहे. 'यामाबा' हा भूतकाळ आला तो 'दीखो'शी जुळवून घेण्यासाठी.