संकेतस्थळ बंद आहे की फक्त तुमच्यापुरतं?

पान उघडलं नाही की 'साइट बंद पडली' असा निष्कर्ष आपण काढतो. दुकान बंद असणं आणि दुकानाकडे जाणारा आपला रस्ता बंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेही तसंच असतं.

आधी दुसरं एखादं संकेतस्थळ उघडून पाहा. तेही उघडलं नाही, तर दोष तुमच्या इंटरनेटचा. ते उघडलं, तर फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर मूळ पान उघडा. तिथे दिसलं, तर साइट चालू आहे आणि अडथळा तुमच्या वाय-फायच्या वाटेवर आहे. तिथेही दिसलं नाही आणि दोन्ही जोडण्या एकाच कंपनीच्या असतील, तर दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट वापरणाऱ्या कोणाला तरी पाहायला सांगा.

पडद्यावरचा संदेशही वाचा. `503 Service Unavailable` म्हणजे सर्व्हर (साइट पुरवणारा संगणक) तुमच्यापर्यंत उत्तर पाठवतो आहे, पण सध्या काम करू शकत नाही. निकालाच्या दिवशी गर्दीमुळे असं होतं. तेव्हा राउटर बंद-चालू करून उपयोग नाही, थोडं थांबा. `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` आलं, तर डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) ते नाव सापडलेलं नाही. नाव बरोबर टाइप केलंय का ते तपासा, मग राउटर बंद-चालू करा.

पैसे भरताना पान अडकलं, तर पुन्हा भरण्याआधी खात्यातून रक्कम गेली आहे का, ते नक्की पाहा.