सवयीने येणारे जातिवाचक शब्द

मराठी बोलण्यात जातींच्या नावांवरून आलेले हिणवणारे शब्द अजूनही सर्रास येतात. जास्त प्रश्न विचारणाऱ्याला ‘चांभारचौकशा बंद कर’ म्हटले जाते, गोंगाट झाला की ‘हा काय महारवाडा आहे?’ असे विचारले जाते. बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी जात नसेलही, पण ऐकणाऱ्याच्या मनात ती असू शकते. कार्यालयातल्या डब्याच्या टेबलावर कोण कोणत्या समाजाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक नसते, आणि ज्याला लागते तो बहुधा गप्प बसतो. म्हणून टोकण्याचे काम इतरांनी अंगावर घ्यायला हवे.

हे काम कायद्यावर सोपवून भागत नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. ‘चांभार’ या शब्दाचाच हिंदी भाऊबंद हिणवण्यासाठी वापरला तर तो या कायद्याखाली येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले. पण कोणालाही उद्देशून नसलेला, बोलता बोलता तोंडून गेलेला वाक्प्रचार सहसा त्या चौकटीत बसत नाही. तिथे सोबत्याचे बोलणेच उपयोगी पडते.

समजा, बैठकीत एक सहकारी दुसऱ्याला म्हणाला, “तुझ्या चांभारचौकशा पुरे.” सर्वांसमोर त्याची हजेरी घेतली तर तो शब्द सोडून स्वतःची अब्रू सांभाळू लागतो. त्यापेक्षा त्याच दिवशी चहाला एकटा असताना थोडक्यात सांगावे: “अरे, तो शब्द नको वापरूस. एका समाजाला कमी लेखतो तो. ‘नसत्या चौकशा’ म्हटलं तरी भागतं.” हाती पर्यायी शब्द आला की सवय लवकर सुटते. “आमच्याकडे सगळेच म्हणतात” किंवा “मला तसं म्हणायचं नव्हतं” असे उत्तर हमखास येते. त्यावर वाद घालू नये. हेतू मान्य करावा, मागणी मात्र सोडू नये: “तुझ्या मनात नव्हतं हे कळतं, तरी शब्द नको.” त्या समाजाच्या सहकाऱ्याचे नाव मात्र पुढे करू नये, त्याने न मागितलेली साक्ष त्याच्या गळ्यात पडते.

शब्द थेट एखाद्या व्यक्तीला उद्देशून आला, तर मात्र चहाची वाट पाहणे चूक. “हे बोलू नकोस” एवढे तिथल्या तिथे म्हणावे.

जुनी सवय एका सांगण्याने जात नाही. माणूस शब्द अर्ध्यावर अडवू लागला, तर त्याने मनावर घेतले आहे. मुद्दाम हसून, आवाज चढवून तोच शब्द पुन्हा म्हणू लागला, तर ती सवय उरली नाही. तेव्हा वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. वरिष्ठच तसे बोलत असतील, तर एकट्या कनिष्ठाने पुढे होण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून सांगावे.