दोनदा पडलेली पेस्ट

रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन आला तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. "साहेब, टाकीत जेली झालीये. स्टररच्या मोटरचे अँपिअर चढतच चाललेत." टाकीत 2000 किलो लिंबाचा हँडवॉश तयार व्हायला हवा होता. फेस आणणारी एसएलईएस पेस्ट 240 किलो घालायची होती, प्रत्यक्षात 390 किलो पडली होती. प्रोग्रॅम मीच लिहिला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

घडलं ते असं. 150 किलो पेस्ट गेल्यावर पंपावर भार आला आणि रिलेने तो बंद केला. बॅच थांबली, स्क्रीनवर HELD उमटलं. ऑपरेटरने रिले रिसेट करून RESTART दाबलं. त्याचं काहीच चुकलं नाही. चूक अशी की, माझ्या प्रोग्रॅममध्ये RESTART म्हणजे 'पहिल्या पायरीपासून' असा अर्थ होता. पहिल्या पायरीवर टाकीचं तेव्हाचं वजन शून्य धरलं जायचं. मग आधीचे 150 किलो विसरून यंत्रणेने इमानेइतबारे आणखी 240 किलो पेस्ट ओढली. पुढे ठरल्याप्रमाणे मिठाचं पाणी पडलं. हँडवॉशला दाटपणा या मिठानेच येतो, आणि पेस्ट जास्त असली की नेहमीचं मीठसुद्धा त्याची खळ करून टाकतं.

असा प्लांट चालतो कसा, हे जरा आतून बघू. पूर्वी अशा कारखान्यात पीएलसीमध्ये एकच लांबलचक प्रोग्रॅम असायचा. अमुक व्हॉल्व्ह उघड, 1500 किलो पाणी झालं की बंद कर, तमुक पंप चालू कर. लिंबाच्या जागी गुलाबाचा हँडवॉश करायचा झाला, तर प्रोग्रॅमरला बोलावून त्या प्रोग्रॅमची चिरफाड करायची. 1995 साली अमेरिकेतल्या आयएसए या संस्थेने एस-88 नावाचं मानक आणलं. त्यातला मुख्य विचार साधा आहे: काय बनवायचं हे एका बाजूला लिहा आणि यंत्रं काय करू शकतात हे दुसऱ्या बाजूला.

आधी यंत्रांची बाजू घेऊ. एक व्हॉल्व्ह किंवा एक मोटर हा सगळ्यात लहान तुकडा, त्याला कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. त्याला आपल्यापुरतंच कळतं: उघड म्हटल्यावर मी उघडलो का, नसेन तर ओरडायचं. अशा काही तुकड्यांची टोळी करून एक काम सोपवलं की झालं इक्विपमेंट मॉड्यूल. आमच्याकडे पेस्टचा पंप, त्याच्या पुढचा-मागचा व्हॉल्व्ह आणि वेग बदलणारी ड्राइव्ह मिळून 'पेस्ट डोसिंग' हे एक मॉड्यूल होतं. त्याला 'जोरात दे', 'हळू दे', 'थांब' एवढंच सांगायचं. कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा ते त्याचं ते बघतं. पाण्याची लाइन आणि स्टरर ही अशीच आणखी दोन मॉड्यूल. हे सगळं जिच्यासाठी राबतं ती टाकी म्हणजे युनिट.

दुसऱ्या बाजूला रेसिपी. तिच्यात व्हॉल्व्हचं नावही नसतं. पाणी घाला 1500, स्टरर चालू, पेस्ट घाला 240, ढवळा 30 मिनिटं, अशी ती वाचली जाते. यातली एकेक कृती म्हणजे फेज. रेसिपी आणि यंत्रं यांची गाठ इथेच पडते: रेसिपी फेजला नुसता आकडा देते आणि फेज मॉड्यूलकडून काम करून घेते. गुलाबाच्या हँडवॉशलाही 'पेस्ट घाला' हीच फेज, आकडा तेवढा वेगळा. म्हणून नवी रेसिपी प्रॉडक्शनचा माणूस टेबलाशी बसून लिहू शकतो. बॅच सुरू होताना मूळ रेसिपीची एक प्रत निघते, तिला बॅच नंबर चिकटतो आणि प्लांट त्या प्रतीवर चालतो. मध्येच कुणी मूळ रेसिपीत खाडाखोड केली, तरी चालू बॅचला धक्का लागत नाही.

क्रमालाही कारण असतं. ही 70 टक्क्यांची पेस्ट मलमासारखी असते, पण पाणी घालत गेलं की पातळ होण्याआधी ती एकदा चांगलीच घट्ट होते. म्हणून आधी भरपूर पाणी, फिरता स्टरर आणि मग त्यात सावकाश पेस्ट. उलट केलंत तर गोळे होतात आणि ते तासन् तास विरघळत नाहीत.

सगळं सुरळीत चाललं असताना फेज लिहिणं सोपं असतं. खरी परीक्षा मध्येच थांबताना. मानक सांगतं की फेजला थांबताना, थांबलेली असताना आणि पुन्हा सुरू होताना अशा वेगवेगळ्या अवस्था असाव्यात. पण त्या प्रत्येक अवस्थेत नेमकं करायचं काय, हे लिहिणाऱ्यावर असतं. मी तिथेच आळस केला होता.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला बसलो. पहिला विचार असा की, सुरुवातीचं वजन एकदाच टिपून ठेवायचं आणि ते अधिक 240 होईपर्यंत पेस्ट घालत राहायची, मग मध्ये कितीदाही थांबा. ऑपरेटर शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "पण साहेब, गाडी थांबली की आम्ही वरचं तोंड धुऊन घेतो. वीसेक लिटर पाणी आत जातं." संपला विषय. टाकी लोड सेलवर उभी असते आणि लोड सेलला पेस्ट आणि पाणी यांतला फरक कळत नाही. ते 20 किलो पेस्ट म्हणून मोजले गेले असते, आणि पेस्ट तेवढी कमी पडली असती.

मग असं केलं. थांबायची आज्ञा आली की मॉड्यूल पंप बंद करतं, व्हॉल्व्ह मिटतं. पाइपच्या तोंडाशी लोंबकळणारी पेस्ट अजून गळत असते, म्हणून 20 सेकंद वाट बघायची. स्टरर मात्र बंद करायचा नाही, नाहीतर पडलेली पेस्ट तळाला बसते. फक्त वेग कमी करायचा, कारण जोरात ढवळताना वजनाचा आकडा नाचतो. आकडा स्थिरावला की 'आतापर्यंत पडली 150' अशी नोंद करून ती गोठवायची. पुन्हा सुरू करताना नवं वजन शून्य धरायचं आणि राहिलेली 90 किलोच मागायची. मधल्या वेळात टाकीत काय गेलं याच्याशी पेस्टच्या हिशोबाचा संबंध उरत नाही. धुण्याचं पाणी तरीही बॅचमध्ये जातंच. ते शेवटच्या पाण्यातून वजा करायचं ऑपरेटरला स्क्रीनवर विचारून घेतो.

हा दोष आधी लक्षात यायला हवा होता. बॅचच्या नोंदीत प्रत्येक फेजचा मागितलेला आणि पडलेला आकडा शेजारी शेजारी असतो, पण माझ्या चुकीमुळे तिथेही 240 समोर 240 च दिसत होतं. खरं बोलत होती ती टाकीच्या एकूण वजनाची रेघ, 150 किलोने वर सरकलेली. आता प्रत्येक फेजनंतर एकूण वजन अपेक्षेशी ताडून बघतो आणि 10 किलोहून जास्त फरक पडला की पुढची फेज सुरूच होत नाही.

ती जेली फेकली नाही. पुढच्या प्रत्येक बॅचमध्ये 100 किलो मिसळून, पेस्ट आणि मीठ त्या हिशोबाने कमी करून संपवली. बाविसाव्या बॅचला पिंप रिकामे झाले. त्यासाठी प्रोग्रॅमला हात लावावा लागला नाही. 'हाताने घाला' ही फेज होतीच, प्रॉडक्शनच्या माणसाने रेसिपीत ती एका ओळीने वाढवली.